कालव्याचं पाणी ताशी सात हजार किलोमीटरने का पळत नाही?

पैठणच्या जायकवाडी धरणातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. इतक्या लांब कालव्याला उतार फार देऊन चालत नाही. उतार जास्त दिला तर थोडं अंतर गेल्यावर पाणी जमिनीच्या इतकं खाली जाईल की शेतांवर चढणारच नाही. म्हणून मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच ठेवतात. डोळ्याला तो दिसतही नाही.

हिशेबासाठी कागदावर एक कालवा घेऊ. पाण्याची खोली २ मीटर, रुंदी भरपूर, उतार दहा हजारात एक, म्हणजे किलोमीटरला १० सेंटिमीटर. हे आकडे मी सोयीसाठी धरलेत, डाव्या कालव्याचे म्हणून ते वाचू नयेत. पण आवर्तन सुटल्यावर पाथरी-मानवतकडे कालव्याच्या काठी उभं राहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. असं पाणी साधारण माणसाच्या चालीने, किंवा त्याहून थोडं हळू वाहतं.

आता या पाण्यावर जोर किती आहे ते पाहू. तळाच्या एका चौरस मीटरवर उभा असलेला पाण्याचा खांब २ मीटर उंच आहे, वजन दोन टन. उतारामुळे त्या वजनाचा दहा हजारावा भाग त्याला पुढे ओढतो:

τ₀ = ρ g h S = 1000 × 9.81 × 2 × 0.0001 = 1.96 N/m²

यात ρ म्हणजे पाण्याची घनता, g गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, h खोली आणि S उतार. हा जोर म्हणजे २०० ग्रॅमच्या वजनाएवढा. दोन टन पाण्याला पुढे ढकलायला एवढंच. पण तो सतत लागलेला आहे, आणि पाणी एका ठरावीक वेगाने वाहतंय, वेग वाढत नाही. याचा अर्थ तळ तेवढ्याच जोराने पाण्याला मागे धरून आहे. प्रश्न असा, की तळाला फक्त सगळ्यात खालचं पाणी टेकलेलं आहे. वरच्या दीड-दोन मीटर पाण्याला ही पकड कळते कशी?

उत्तर: थरावरून थर घासत जातो तेव्हा खालचा थर वरच्याला मागे खेचतो. या घसटीलाच शिअर स्ट्रेस म्हणतात. निम्म्या खोलीवर, म्हणजे तळापासून १ मीटरवर, एक काल्पनिक आडवी पातळी आखा. तिच्यावरच्या एक मीटर पाण्याला पुढे ओढणारा जोर ०.९८ न्यूटन आहे, आणि तेवढीच घसट त्या पातळीवर असली पाहिजे. इथपर्यंत नुसता तोल सांभाळायचा हिशेब आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो ही घसट येते कुठून यावर.

शाळेत शिकवलेलं उत्तर आहे पाण्याचा चिकटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी. रेणू एका थरातून दुसऱ्या थरात जातात, सोबत आपला वेग नेतात, आणि त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात. घसट म्हणजे चिकटपणा गुणिले थराथरातल्या वेगाच्या फरकाचं प्रमाण. २० अंश तापमानाला पाण्याचा चिकटपणा एसआय एककांत ०.००१ आहे. मग ०.९८ एवढी घसट मिळवायची तर मीटरला ९८१ मीटर प्रतिसेकंद इतका वेगाचा फरक लागेल. तळापासून वरपर्यंत हा हिशेब पुरा केला, तर पृष्ठभागाचा वेग निघतो

u = g S h² / 2ν = 9.81 × 0.0001 × 4 / (2 × 0.000001) = 1962 m/s

यात ν म्हणजे चिकटपणा भागिले घनता. उत्तर ताशी सात हजार किलोमीटर. हवेतल्या आवाजाच्या पाचपटीहून जास्त. कालव्यात पडलेली चप्पल पैठणहून परभणीला मिनिट-दीड मिनिटात पोहोचायला हवी.

गणितात चूक नाही. फक्त असं पाणी थर धरून, एकावर एक कागद ठेवल्यासारखं वाहत नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून दाखवलं होतं, की वेग एका मर्यादेपलीकडे गेला की रेघ मोडते आणि रंग सगळीकडे पसरतो. आपला कालवा त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. त्यात पाण्याचे छोटे-मोठे गोळे सारखे वर-खाली होत असतात. कालव्याकडे नीट पाहिलं तर पृष्ठभागावर उकळी फुटल्यासारखे फुगवटे वर येताना दिसतात आणि त्यांत तळाचा गाळही असतो. वरच्या थराला तळाची पकड कळते ती या गोळ्यांमुळे.

हे कसं घडतं ते समजायला एक चित्र पुरेल. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक जोरात, एक हळू. दोन्हींवरची माणसं एकमेकांकडे मोळ्या फेकतायत, जेवढ्या जातात तेवढ्याच येतात, त्यामुळे कुणाचा भार वाढत नाही. हळू ट्रॉलीतली मोळी जोराच्या ट्रॉलीत पडली की ती तिथे संथ माल आहे. तिला त्या वेगावर आणायला जोराच्या ट्रॅक्टरला ताकद घालावी लागते, म्हणजे तो मागे खेचला जातो. उलट, जोराच्या ट्रॉलीतून आलेली मोळी हळू ट्रॉलीला पुढे रेटते. दोन ट्रॉल्या एकमेकींना कुठेही शिवत नाहीत, तरी त्यांच्यात घसट आहे.

पाण्यात ट्रॉल्यांच्या जागी थर आणि मोळ्यांच्या जागी पाण्याचे गोळे. इथे विद्यार्थी हमखास एक शंका काढतात, आणि शंका रास्त आहे: गोळे वरही जातात आणि खालीही येतात, मग परिणाम एकमेकांना खोडून का निघत नाही? सरासरी काढली तर वर-खालीचा वेग शून्यच येतो. पण आपल्याला एकट्या वर-खालीच्या वेगाची सरासरी नको आहे. पाहायचंय ते असं, की गोळा वर जाताना पुढे वाहायचा कोणता वेग घेऊन जातो. वर जाणारा गोळा खालून आलेला, म्हणून भोवतालच्या पाण्यापेक्षा हळू: उभा वेग अधिक, आडव्या वेगातला फरक उणे, गुणाकार उणे. खाली येणारा गोळा वरून आलेला, म्हणून भोवतालच्या पाण्यापेक्षा जलद: उभा वेग उणे, आडवा फरक अधिक, गुणाकार पुन्हा उणेच. दोन्ही प्रवास एकाच बाजूला भर टाकतात. हा सरासरी गुणाकार, घनतेने गुणलेला, म्हणजेच खवळलेल्या प्रवाहातली घसट. रेनॉल्ड्स यांनीच १८९५ मध्ये तो समीकरणात दाखवला:

τ = − ρ × (u′v′ ची सरासरी)

यात u′ म्हणजे आडव्या वेगातला फरक आणि v′ म्हणजे उभा वेग. समीकरण बरोबर आहे, पण हातात काही येत नाही. u′ आणि v′ दर क्षणी बदलतात, आणि त्यांची सरासरी काढायला आधी ते माहीत हवेत. कालवा बांधणाऱ्या माणसाला हवी असते सरासरी वेगाची गोष्ट, आणि तिथे ही अडून बसलेली अज्ञात राशी.

वाट काढायचा पहिला प्रयत्न याच्याही आधीचा आहे. फ्रान्सच्या बुसिनेस्क यांनी १८७७ मध्ये सुचवलं, की या घसटीलाही चिकटपणासारखंच लिहावं: एक नवा, मोठा चिकटपणा गुणिले सरासरी वेगाचा चढ. हीच एडी व्हिस्कॉसिटी. लिहायला सोपं, पण या नव्या चिकटपणाची किंमत किती? पाण्याचा खरा चिकटपणा पाण्याचा गुण आहे. बाटलीत घ्या, नळीत घ्या, तापमान तेच तर तोही तोच. एडी व्हिस्कॉसिटी पाण्याचा गुण नाहीच. ती प्रवाहाचा गुण आहे, आणि एकाच कालव्यात तळाशी वेगळी, मध्ये वेगळी. हे लक्षात न ठेवता पुस्तकातून एखादी किंमत उचलून सगळीकडे वापरणं ही या विषयातली सगळ्यात जुनी चूक आहे.

किंमत काढायची रीत लुडविग प्रांट्ल यांनी १९२५ मध्ये दिली. त्यांनी कल्पना घेतली वायूच्या रेणूंवरून. रेणू एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत काही अंतर सरळ जातो आणि तोवर आपला वेग राखून असतो. तसंच पाण्याचा गोळा ℓ एवढं अंतर आपला मूळ वेग राखून जातो आणि मग भोवतालात मिसळून जातो, असं धरायचं. या ℓ ला मिक्सिंग लेंग्थ म्हणतात. गोळा ℓ अंतर वर गेला, तर भोवतालच्या पाण्याशी त्याच्या वेगाचा फरक होईल ℓ गुणिले वेगाचा चढ. हा झाला u′. दोन असमान वेगाचे गोळे एकमेकांवर आले किंवा एकमेकांपासून दूर गेले, तर मधली जागा भरायला किंवा मोकळी करायला बाजूचं पाणी साधारण तेवढ्याच वेगाने सरकणार. म्हणून v′ सुद्धा तेवढाच. दोघांचा गुणाकार केला की

τ = ρ ℓ² (du/dy)²

आणि एडी व्हिस्कॉसिटी ℓ² |du/dy|. यात du/dy म्हणजे वेगाचा चढ. अज्ञात राशी होती, तिच्या जागी एक लांबी आली. पण लांबीबद्दल निदान अंदाज तरी बांधता येतो. तळाजवळच्या गोळ्याला तळ आडवा येतो. तळापासून ५ सेंटिमीटरवर अर्ध्या मीटरचा भोवरा बसणारच नाही. म्हणून प्रांट्ल यांनी तळाजवळ ℓ = κ y धरलं, y म्हणजे तळापासूनचं अंतर. κ साधारण ०.४ आहे. तो कुठल्या सिद्धांतातून निघत नाही, मोजमापातून येतो. प्रांट्ल यांच्याच गोटिंगेनमध्ये निकुराड्से यांनी वाळूचे कण चिकटवलेल्या नळ्यांत केलेली, १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजमापं अजूनही पुस्तकांत आधाराला घेतात.

आता आपल्या कालव्याकडे परत येऊ. कालव्यात घसट तळाशी सगळ्यात जास्त आणि पृष्ठभागाशी शून्य, मधे सरळ रेषेत उतरती. पृष्ठभागही गोळ्याला अडवतो, म्हणून वर जाताना ℓ नुसता κy राहत नाही, त्याला √(1 − y/h) ने गुणून कमी करतात. ही दुरुस्ती मी सोयीची म्हणेन. वेगाची मोजमापं जशी येतात तशीच सूत्रातून यावीत म्हणून ℓ ला हा आकार दिलाय. त्यातून वेगाचं जे सूत्र निघतं ते लॉगचं:

u = (u* / κ) ln(y / y₀)

यात u* म्हणजे √(τ₀/ρ). तो कुणाचा खरा वेग नाही, तळाच्या घसटीला वेगाच्या एककात लिहायची युक्ती आहे. आपल्या कालव्यात तो ०.०४४३ मीटर प्रतिसेकंद येतो. y₀ तळाच्या खडबडीतपणावर ठरतो. अस्तर उखडलेलं, खडी उघडी पडलेली, खडबडीची उंची दीड सेंटिमीटर धरली तर y₀ तिच्या तिसाव्या भागाएवढा, म्हणजे अर्धा मिलिमीटर.

निम्म्या खोलीवर काय चाललंय ते काढू. वेगाचा चढ u*/κy = ०.०४४३ ÷ ०.४ = ०.१११, म्हणजे मीटरला ११ सेंटिमीटर प्रतिसेकंद. मघाशी ९८१ मीटर लागत होते. मिक्सिंग लेंग्थ ०.४ × √०.५ = ०.२८ मीटर, साधारण वीतभराहून थोडी जास्त. गोळ्यांचा वर-खालीचा वेग या दोहोंचा गुणाकार, सेकंदाला ३ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरची ही किरकोळ हालचाल घसट किती देते? १००० × ०.०३१३² = ०.९८. तोल बरोबर जुळला. (पाण्याच्या खऱ्या चिकटपणाचा यातला वाटा ०.०००११ आहे, म्हणजे सोडून द्यावा इतका.)

एडी व्हिस्कॉसिटी इथे ०.०००००१ नव्हे, ०.००८९ चौरस मीटर प्रतिसेकंद, म्हणजे पाण्याच्या चिकटपणाच्या जवळपास नऊ हजार पट. आणि हेच पाणी, पण दरवाजे खाली घेऊन खोली १ मीटरवर आणली, तर निम्म्या खोलीवरची एडी व्हिस्कॉसिटी ०.००३१ वर येते, साधारण एक तृतीयांश. पाणी बदललं नाही, तापमान बदललं नाही.

पृष्ठभागाचा वेग आता निघतो ०.१११ × ln(४०००) = ०.९२ मीटर प्रतिसेकंद. पूर्ण खोलीची सरासरी ०.८१. १९६२ वरून ०.९२ वर, आणि हे काठावर उभं राहून दिसतं त्याच्याशी जुळतं.

या सूत्रात एक गंमत लपली आहे, आणि कालव्यावर करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजायचं यंत्र, घेऊन उतरणाऱ्यांना ती रोज कामाला येते, त्यांना कुणी सांगितलं असो वा नसो. लॉगच्या या वेगरेषेवर सरासरी वेग नेमका कुठे येतो हे काढलं तर तळापासून ०.३७ खोलीवर, म्हणजे वरून ०.६३ वर. खोली २ मीटर असो की अर्धा मीटर, खडबडीतपणा काहीही असो, जागा तीच. विसर्ग मोजताना मीटर वरून ०.६ खोलीवर धरायचा नियम यावर टेकला आहे. लाकडाचा तुकडा सोडून पृष्ठभागाचा वेग मोजला तर त्याला ०.८५ ने गुणतात. आपल्या कालव्यात गुणोत्तर ०.८८ येतं. तळ जास्त खडबडीत असेल तर ते खाली जातं, म्हणून ०.८५ ला ०.६ च्या नियमाएवढा पक्का समजू नये.

सूत्र लागू आहे की नाही हे तपासायचीही सोपी रीत आहे. एकाच उभ्या रेषेत चार-पाच खोलींवर वेग घ्या आणि वेगासमोर तळापासूनच्या अंतराचा लॉग मांडा. रेषा सरळ आली पाहिजे. आपल्या कालव्यात १० सेंटिमीटरवर ०.५८७ आणि १ मीटरवर ०.८४२ मिळायला हवेत. फरक ०.२५५, भागिले ln(१०) म्हणजे २.३०३, गुणिले ०.४: उत्तर ०.०४४३. उतारावरून काढलेला u* तोच होता. रेषा सरळ आहे पण u* कमी येतोय, तर पहिला संशय पुढच्या क्रॉस रेग्युलेटरवर, म्हणजे कालव्यात आडव्या बसवलेल्या दरवाजावर, घ्यावा. तो खाली घेतला असेल तर पाणी तुंबतं आणि पृष्ठभागाचा उतार तळाच्या उतारापेक्षा कमी होतो. हिशेबात पाण्याचा उतार घालायचा, नकाशावरचा नव्हे.

रेषाच सरळ येत नसेल, तर मॉडेल मोडलंय. आणि ते का मोडतं हे प्रांट्ल यांच्या मूळ उपमेतच आहे. हवेतला रेणू दोन धडकांमध्ये मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी जातो. तेवढ्या अंतरात भोवतालचा वेग बदलतच नाही, म्हणून त्या जागेचा चढ पाहिला की काम झालं. आपली मिक्सिंग लेंग्थ मात्र २ मीटर खोलीत २८ सेंटिमीटर. इतकं लांब जाणारा गोळा फक्त इथलाच चढ पाहून वागेल असं मानायला काही आधार नाही. तरी लांब, सरळ, एकसारख्या कालव्यात सूत्र छान चालतं, कारण तिथे गोळे जिथे तयार होतात तिथेच विरतात, आणि त्यांचा आकार तळापासूनचं अंतर ठरवतं. नुसत्या मापांच्या तर्काने, गोळ्यांचं नावही न काढता, हाच लॉग मिळतो. माझ्या मते मॉडेलच्या यशाचं मोठं श्रेय या तर्काला जातं, उडणाऱ्या गोळ्याच्या चित्राला कमी.

म्हणून दरवाजाच्या किंवा फॉलच्या, म्हणजे कालवा पायरीसारखा खाली उतरतो त्या जागेच्या, लगेच खाली हे वापरू नये. तिथले भोवरे वरून वाहून आलेले असतात, आणि आधी काय झालं याची आठवण सूत्रात नाही. जिथे वेगाचा चढ शून्य, तिथे सूत्र म्हणतं मिसळणं शून्य. प्रत्यक्षात तिथे पाणी घुसळून निघत असतं. अरुंद कालव्यात दोन्ही काठांमुळे आडवे प्रवाह तयार होतात आणि सगळ्यात जास्त वेग पृष्ठभागावर न मिळता थोडा खाली मिळतो. लॉगच्या सूत्रात हे बसत नाही, कारण ते वरपर्यंत वाढतच जातं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतं ते पाणगवत. दोन आवर्तनांच्या मध्ये कालव्यात गवत माजलं, की गोळ्यांचा आकार तळापासूनचं अंतर ठरवत नाही, काड्यांमधली फट ठरवते. गवताच्या आत पाणी जवळपास एकसारख्या संथ वेगाने सरकतं आणि शेंड्यांपाशी वेग एकदम चढतो. लॉगची रेषा सुरू होते ती शेंड्यांच्या वर, तळापासून नव्हे. अशा ठिकाणी मीटर वरून ०.६ वर धरला आणि तो नेमका शेंड्यांच्या आसपास आला, तर पाच सेंटिमीटर वर-खाली धरण्यानेही आकडा बराच बदलतो. तिथे एका वाचनावर विसर्ग लिहू नये. गवत काढलेला सरळ तुकडा शोधावा, नाहीतर त्या उभ्या रेषेत जागोजागी वाचनं घेऊन सरासरी हातानेच काढावी.